मुठेच्या चौकटीत कोथरूड, महाराष्ट्राच्या चौकटीत हैदराबाद

जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सोडलेलं पाणी मुठेच्या पात्राबाहेर आलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं. असं काही झालं की सगळ्यांनाच एक साधा आकडा हवा असतो: नदीपासून शंभर मीटरच्या आत इमारती आहेत तरी किती? त्यासाठी लागणारा माल आज कुणालाही फुकट मिळतो. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनीच मिळून भरलेला जगाचा नकाशा २००४ पासून वाढतो आहे, आणि उपग्रहाच्या चित्रांवरून गूगलने काढलेल्या इमारतींच्या बाह्यरेषाही उतरवून घेता येतात. अडचण येते ती हा माल डेटाबेसमध्ये भरून प्रश्न विचारल्यावर. कर्सर नुसताच लुकलुकत राहतो.

समजा, महाराष्ट्रातल्या एक कोटी इमारतींचं टेबल तुमच्याकडे आहे. एका ओळीत एक इमारत, म्हणजे तिचा क्रमांक आणि तिच्या पाच-सहा कोपऱ्यांचे सहनिर्देशक. ओळीमागे दोनशे बाइट धरले तर सगळा ऐवज दोन जीबीचा. आकार तसा काहीच नाही, फोनमधले व्हिडिओ याहून जास्त जागा खातात. पण डेटाबेसला कुठली इमारत कुठे आहे याची काडीमात्र कल्पना नसते. त्याच्या लेखी त्या एक कोटी ओळी आहेत, ज्या क्रमाने भरल्या त्या क्रमाने पडलेल्या. ‘मुठेपासून शंभर मीटर’ असं विचारलं की तो गडचिरोलीतली इमारत उचलतो, तिचं मुठेपासूनचं अंतर काढतो आणि बाजूला ठेवतो. मग नंदुरबारची. मग सावंतवाडीची. उत्तर बरोबर येतं, पण ते येईपर्यंत एक कोटी वेळा अंतर मोजून झालेलं असतं.

यावरचा उपाय म्हणजे इंडेक्स. तो एक ओळ लिहून बनवता येतो, आणि बहुतेक शिकवण्या त्या ओळीपाशीच संपतात. पण इंडेक्स बनवूनही क्वेरी रेंगाळते असा अनुभव या क्षेत्रात काम करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतोच. त्याचं कारण इंडेक्स नकाशाकडे कसा बघतो यात आहे.

नावांच्या यादीचा इंडेक्स समजायला सोपा आहे. नावं अकारविल्हे लावली की ‘जोशी’ शोधताना ‘क’ आणि ‘प’ची पानं उघडावी लागत नाहीत. डेटाबेसमध्ये हे काम बी-ट्री नावाची रचना करते आणि ती फार चांगलं करते, कारण नावांना, तारखांना, रकमांना एकच एक क्रम असतो. जमिनीवरच्या जागांना तो नसतो. रेखांशाप्रमाणे लावायचं ठरवलं तर पुणे आणि पणजी शेजारी येतात, कारण दोन्ही ७३.८५ अंशांच्या आसपास आहेत, आणि मुंबई भलतीकडेच जाते. अक्षांशाप्रमाणे लावलं तर दुसरीच गावं गळ्यात गळे घालतात. जागेला दोन दिशा आहेत आणि यादीला एकच.

१९८४ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अँटोनिन गटमन यांनी यावर एक तोडगा मांडला. त्याला आर-ट्री म्हणतात. आजचे बहुतेक नकाशे सांभाळणारे डेटाबेस आतून याच कल्पनेवर चालतात. कल्पना अशी: प्रत्येक आकृतीभोवती तिला जेमतेम सामावून घेणारी एक आयताकृती चौकट काढायची. चौकटीच्या बाजू उभ्या-आडव्याच, तिरक्या नाहीत. त्यामुळे कितीही वेडीवाकडी आकृती असली तरी तिची चौकट चार आकड्यांत बसते: डावी कड, उजवी कड, खालची, वरची. मग जवळजवळच्या शे-दोनशे चौकटी एकत्र करून त्यांच्याभोवती एक मोठी चौकट. अशा मोठ्या चौकटींभोवती त्याहून मोठी. असं करत करत वर एकच चौकट उरते. जिल्हा, तालुका, गाव अशी जी उतरंड आपल्या ओळखीची आहे तशीच ही दिसते, पण एक फरक आहे आणि तोच पुढे नडतो. दोन तालुके एकमेकांवर चढत नाहीत. आर-ट्रीतल्या चौकटी खुशाल चढतात.

आता हिशेब बघा. पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि त्याला नकाशाची भाषा शिकवणारं पोस्टजीआयएस ही आपल्याकडेही खूप वापरली जाणारी मोफत जोडी आहे. पोस्टग्रेस डिस्कवरून आठ किलोबाइटचं एकेक पान वाचतो. इंडेक्सच्या एका पानावर दीडशे-दोनशे चौकटी मावतात. दीडशे धरल्या तर एक कोटी इमारतींसाठी तळाशी साधारण सदुसष्ट हजार पानं लागतात, त्यांच्यावर साडेचारशे, त्यावर तीन आणि सगळ्यात वर एक. म्हणजे वरून खाली इमारतीपर्यंत पोचायला चार पायऱ्या. एकतानगरीतली एखादी इमारत शोधायची तर चार पानं उघडायची. चौकटी एकमेकींवर चढलेल्या असल्या तर दोन-चार जास्त. इंडेक्स नसता तर दोन जीबीची अडीच लाख पानं उघडावी लागली असती.

इंडेक्स बनवायची ओळ ही:

```sql
CREATE INDEX imarati_geom_idx
  ON imarati USING gist (geom);
```

यातलं `USING gist` विसरायचं नाही. विसरलात तर पोस्टग्रेस सवयीप्रमाणे बी-ट्री बांधतो. आकृत्या छोट्या असतील तर तो एका शब्दाने कुरकुर करत नाही, इंडेक्स तयार होतो, जागा खातो आणि अशा शोधाच्या उपयोगी पडत नाही. आकृत्या मोठ्या असतील तर बरं, कारण मग नोंदीचा आकार मर्यादेबाहेर गेल्याची तक्रार येते आणि निदान चूक कळते.

आता प्रश्न विचारू. आकृत्या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात आहेत असं धरू. ते का, हे पुढे येईलच.

```sql
SELECT count(*)
FROM nadya n JOIN imarati i
  ON ST_DWithin(i.geom, n.geom, 100)
WHERE n.nav = 'मुठा';
```

पोस्टजीआयएस हे काम दोन टप्प्यांत करतं. आधी नदीची चौकट घेतं, ती चारी बाजूंनी शंभर मीटरने फुगवतं आणि इंडेक्सला विचारतं की या चौकटीला कुठल्या इमारतींच्या चौकटी शिवतात. हा टप्पा अतिशय वेगवान, कारण त्यात फक्त आकड्यांची तुलना आहे. दुसऱ्या टप्प्यात, हाती लागलेल्या प्रत्येक इमारतीचं नदीच्या खऱ्या रेषेपासूनचं अंतर मोजलं जातं. हे महाग काम. पहिला टप्पा जितका कचरा गाळेल तितकं दुसऱ्याचं ओझं कमी.

आणि इथे मुठा आडवी येते. खरं तर तिरकी येते. खडकवासला पुण्याच्या नैऋत्येला आणि संगम मध्यवस्तीत, त्यामुळे धरणाखालची नदी नकाशावर खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जाते. तिच्याभोवती उभी-आडवी चौकट काढली तर ती जवळजवळ दहा किलोमीटर रुंद आणि दहा किलोमीटर उंच होते. त्या चौकटीत कोथरूड येतं, कर्वेनगर येतं, पर्वती येते, धनकवडीचा बराच भाग येतो. नदीचं तोंडही न दिसणाऱ्या सोसायट्या येतात. चौकटीचं क्षेत्रफळ नव्वदेक चौरस किलोमीटर; नदीच्या दोन्ही बाजूंचा शंभर-शंभर मीटरचा पट्टा मात्र जेमतेम साडेतीन-चार चौरस किलोमीटरचा. इंडेक्सने गडचिरोली आणि नंदुरबार एका झटक्यात उडवले हे खरं, पण अर्धं जुनं पुणं दुसऱ्या टप्प्याच्या गळ्यात घातलं. यात इंडेक्सची चूक नाही. त्याने नदी पाहिलीच नव्हती, त्याला फक्त चार आकडे दिले होते.

हे घडतंय हे ओळखायचं कसं? क्वेरीच्या आधी `EXPLAIN ANALYZE` लिहिलं की पोस्टग्रेस उत्तराऐवजी आपण ते कसं काढलं याचा जबाब देतो. नमुन्यादाखल त्यातला महत्त्वाचा भाग असा दिसेल (आकडे समजुतीपुरते):

```
Index Scan using imarati_geom_idx on imarati i
  Index Cond: (geom && st_expand(n.geom, 100))
  Filter: st_dwithin(geom, n.geom, 100)
  Rows Removed by Filter: 192000
```

पहिल्या ओळीत `Seq Scan` दिसलं तर समजायचं की सगळं टेबल चाळलं गेलं आणि इंडेक्स वापरलाच नाही. इथे `Index Scan` आहे, म्हणून बरेच जण इथेच समाधानाने थांबतात. वाचायची ओळ शेवटची. चौकटीने निवडलेल्या पण खऱ्या मोजणीत बाद झालेल्या इमारती एक लाख ब्याण्णव हजार. उत्तर आठ हजारांचं असेल तर पंचवीस मापांतली चोवीस वाया गेली. इंडेक्स वापरला जातो की नाही, याच्याइतकाच तो किती नेमका निवडतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर याच आकड्यात असतं.

इलाज इमारतींच्या इंडेक्सवर करायचा नाही, नदीवर करायचा. लांब रेषेचे तुकडे केले की प्रत्येक तुकड्याची चौकट लहान होते आणि सगळ्या मिळून नदीला चिकटून राहतात. तिरक्या रेषेवर छोट्या चौकटी जिन्यासारख्या चढत जातात आणि कोथरूड आपोआप बाहेर पडतं. पोस्टजीआयएसमध्ये यासाठी `ST_Subdivide` आहे. आकृतीतल्या बिंदूंची संख्या ठरवलेल्या मर्यादेखाली येईपर्यंत ते आकृती पुन्हा पुन्हा मधोमध कापतं. आपण काही सांगितलं नाही तर मर्यादा २५६ बिंदूंची असते. नदीसाठी ती बरीच खाली आणावी लागते.

```sql
CREATE TABLE nadi_tukde AS
SELECT nav, ST_Subdivide(geom, 16) AS geom
FROM nadya;

SELECT count(DISTINCT i.id)
FROM nadi_tukde n JOIN imarati i
  ON ST_DWithin(i.geom, n.geom, 100)
WHERE n.nav = 'मुठा';
```

`DISTINCT` शोभेला नाही. जिथे दोन तुकडे जुळतात तिथली इमारत दोघांच्याही शंभर मीटरांत येते आणि दोनदा मोजली जाते. हे विसरलं तर क्वेरी छान धावते आणि उत्तर थोडंसंच चुकतं. अशी चूक सगळ्यात वाईट, कारण आकडा संशय यावा इतका वेडावाकडा नसतो.

रेषेचं झालं, क्षेत्राची गत याहून गमतीची आहे. महाराष्ट्राचीच चौकट काढा. पश्चिमेला ७२.६ अंश, पूर्वेला गडचिरोलीच्या टोकाशी ८०.९, दक्षिणेला सिंधुदुर्गात १५.६, उत्तरेला सातपुड्यात २२.१. या चौकटीत हैदराबाद बसतं. सुरत बसते, बऱ्हाणपूर बसतं, बिदर बसतं. बेळगावही बसतं, पण सीमावादात पुरावा म्हणून ही चौकट कुणी पुढे करू नये, कारण तिच्यात उत्तर गोव्याचा तुकडाही येतो. राज्याचं क्षेत्रफळ तीन लाख सात हजार चौरस किलोमीटर, चौकट त्याच्या दुपटीची. म्हणजे साऱ्या देशातल्या इमारतींमधून महाराष्ट्रातल्या निवडायला सांगितल्या तर इंडेक्स निम्म्या जमिनीवरच्या परक्या इमारती घेऊन येतो. त्यात हैदराबाद आणि सुरत म्हणजे काही विरळ वस्ती नव्हे.

शिवाय परक्या ठरवायच्या कशा? इमारत राज्याच्या आत आहे की बाहेर हे बघायचं तर सीमारेषेशी पडताळावं लागतं, आणि तपशीलवार सीमेत, विशेषतः कोकणच्या खाड्याखाड्यांतून फिरणाऱ्या किनाऱ्यामुळे, बिंदूंचा खच असतो. एवढी मोठी आकृती टेबलाच्या नेहमीच्या पानावर मावत नाही. पोस्टग्रेस तिला दाबून, तुकडे करून वेगळ्या जागी ठेवतो आणि लागली की तिथून काढून पुन्हा उलगडतो. पोस्टजीआयएस अशी वारंवार लागणारी आकृती हाताशी तयार ठेवण्याची खटपट करतं, तरी भार पडायचा तो पडतोच. इथेही `ST_Subdivide` लागू पडतं आणि इथला फायदा दुहेरी आहे. तुकड्यांच्या चौकटी राज्याला घट्ट बसतात म्हणून हैदराबाद पहिल्याच टप्प्यात गळतं. आणि प्रत्येक इमारत फार तर अडीचशे बिंदूंच्या छोट्या तुकड्याशी ताडली जाते, साऱ्या सीमेशी नाही. जळगावच्या मधल्या एखाद्या तुकड्याला तर चारच कोपरे असतात. नकाशावर काम करणाऱ्यांना एकच युक्ती शिकवायची झाली तर मी ही शिकवीन.

इंडेक्स असून तो वापरलाच जात नाही, याचीही दोन नेहमीची कारणं आहेत आणि दोन्ही मापाशी निगडित आहेत. ओपनस्ट्रीटमॅपचा माल अक्षांश-रेखांशांत मिळतो. तो तसाच ठेवून `ST_DWithin(i.geom, n.geom, 100)` लिहिलं तर हे शंभर मीटर नसतात, शंभर अंश असतात. मुठेपासून शंभर अंशांत पश्चिम आफ्रिकेपासून जपानपर्यंतचं जग येतं, मग महाराष्ट्रातल्या कोटीच्या कोटी इमारती आल्या तर नवल काय? उत्तर एक कोटी आलं की ही चूक लगेच उमजते. पण ज्याने आधी एकाच वॉर्डाचा माल घेऊन तपासलं, त्याला ‘सगळ्याच इमारती नदीजवळ आहेत’ हे खरं वाटू शकतं.

मग कुणीतरी सुचवतं की क्वेरीतच मीटरवाल्या प्रक्षेपणात बदलून घ्या: `ST_Transform(i.geom, 32643)`. उत्तर बरोबर येतं आणि वेळ पुन्हा पहिल्यासारखा लागतो. कारण इंडेक्स बांधला आहे तो `geom`वर, आणि आपण विचारतोय त्या बदललेल्या आकृतीबद्दल. त्या आकृतीची चौकट इंडेक्समध्ये कुठेच नाही, म्हणून प्रत्येक इमारत आधी बदलायची आणि मग मोजायची, दोन्ही कामं एक कोटी वेळा. यावर मार्ग म्हणजे माल भरतानाच बदलून भरायचा, किंवा इंडेक्सच `ST_Transform(geom, 32643)` या रूपावर बांधायचा. ३२६४३ हा यूटीएमच्या ४३व्या पट्ट्याचा क्रमांक, आणि तो पट्टा ७८ रेखांशापाशी संपतो. पुण्या-मुंबईला तो चालतो. नागपूर पलीकडच्या ४४व्या पट्ट्यात पडतं. एका शहरापुरतं काम असेल तर यूटीएम उत्तम. सगळं राज्य घ्यायचं असेल तर पोस्टजीआयएसचा `geography` हा प्रकार वापरावा. तो मीटरमध्येच बोलतो आणि त्यालाही असाच इंडेक्स चालतो. मोजणी मात्र गोलाकार पृथ्वीवरची असल्यामुळे सावकाश होते.

कधी कधी सगळं नीट असूनही एखादीच ओळ घात करते. पुण्याचे आकडे उलट भरले गेले, म्हणजे रेखांशाच्या जागी १८.५ आणि अक्षांशाच्या जागी ७३.८, तर ती इमारत नॉर्वेच्या उत्तरेला बेअर आयलंडजवळच्या समुद्रात जाऊन पडते. एकटीच गेली तर फारसं बिघडत नाही. पण अनेक इमारतींची मिळून एक आकृती असेल आणि तिच्यातला एकच तुकडा असा उलटा असेल, तर त्या आकृतीची चौकट पुण्यापासून आर्क्टिकपर्यंत पसरते आणि त्यामधल्या कुठल्याही जागेबद्दल विचारलं तरी ती हजर होते. म्हणून मोठा माल भरल्यावर सगळ्यात रुंद आणि सगळ्यात उंच चौकटीच्या पहिल्या वीस ओळी काढून डोळ्यांखालून घालणं फायद्याचं ठरतं. `ST_XMax` वजा `ST_XMin` काढून उतरत्या क्रमाने लावलं की झालं. उंचीसाठी तेच `Y` घेऊन.

यानंतर उरतो तो डिस्कचा हिशेब. इंडेक्सने आठ हजार इमारती अचूक दाखवल्या, तरी त्या टेबलाच्या अडीच लाख पानांत विखुरल्या असतील तर जवळपास आठ हजार पानं उघडावी लागतात. त्याच इमारती शेजारीशेजारी ठेवल्या तर एका पानावर चाळीसेक मावतात आणि दोन-तीनशे पानांत काम भागतं. `CLUSTER imarati USING imarati_geom_idx` ही आज्ञा सगळं टेबल इंडेक्सच्या क्रमाने नव्याने लिहून काढते. तेवढा वेळ टेबलाला कुलूप लागतं, वाचणाऱ्यांनाही, म्हणून चालू सर्व्हरवर दिवसाढवळ्या ती देऊ नये. नंतर भरलेल्या ओळी पुन्हा जिथे जागा मिळेल तिथे बसतात. ज्या टेबलात रोज भर पडत नाही, इमारतींचं असतं तसं, तिथे मात्र एकदाच केलेल्या या कामाचा उपयोग बराच काळ होतो.

माल भरण्याचा क्रमही ठरलेला असावा. आधी सगळ्या ओळी भरायच्या, मग इंडेक्स बांधायचा. उलट केलं तर प्रत्येक नव्या ओळीसाठी चौकटी ताणायच्या, भरलेली पानं फोडायची हे काम एक कोटी वेळा होतं. आणि शेवटी `ANALYZE imarati;`. इंडेक्स वापरायचा की सरळ टेबल चाळायचं हे पोस्टग्रेस अंदाजाने ठरवतो आणि तो अंदाज या आज्ञेने गोळा केलेल्या नमुन्यावर बेततो. तालुकावार इमारती मोजायच्या असतील, म्हणजे झाडून सगळ्याच ओळी लागणार असतील, तर तो इमारतींचं टेबल मुद्दाम सलग वाचतो आणि प्रत्येक इमारत तालुक्यांच्या छोट्या इंडेक्सला दाखवतो. तिथे `imarati`समोर `Seq Scan` दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही.